शिष्यवृत्तीच्या अर्जातलं पत्र : हिशेब आईनं सांगायचा, लिहायचं मुलीनं

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हमखास एक विषय निघतो. कुणाच्या मुलीला नर्सिंगला नंबर लागलेला असतो, कुणाच्या मुलाला पॉलिटेक्निकला. घरातलं कॉलेजात जाणारं हे पहिलंच लेकरू. फी, वसतिगृह, मेस यांचा आकडा ऐकून आईच्या पोटात गोळा येतो. मग कुणीतरी सांगतं, अमुक ट्रस्ट शिष्यवृत्ती देतो, अर्ज कर. अर्ज भरून होतो, दाखले जोडले जातात, आणि शेवटी एक जागा कोरी राहते : ‘आपली आर्थिक परिस्थिती आणि शिक्षणाचे ध्येय याबद्दल स्वतःच्या शब्दांत पत्र लिहा.’ तिथं गाडी अडते. या लेखात त्या एका पत्राबद्दलच बोलू या.

आधी एक फरक लक्षात घेऊ. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन भरायचा असतो. तिथं तुमचा प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक आणि आधार जोडलेलं बँक खातं यावर काम चालतं, पत्र सहसा लागत नाही. पत्र मागतात ते ट्रस्ट, प्रतिष्ठानं, कंपन्यांचे निधी, माजी विद्यार्थ्यांचे निधी. म्हणून क्रम असा ठेवायचा : आधी सरकारी सवलत पदरात पाडून घ्यायची, आणि त्यानंतर जे उरतं तेवढ्यासाठी ट्रस्टकडे जायचं.

२०२४-२५ या वर्षापासून आपल्या राज्यात इतर मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावं लागतं आणि प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ती मिळत नाही. पण फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं असं नाही. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं आणि कॉलेजची इतर किरकोळ फी उरतेच. पत्र लिहायचं ते या उरलेल्या खर्चासाठी.

गटात कर्ज मागतो तसं

हे पत्र कसं लिहायचं हे आपल्याला खरं तर माहीत आहे, कारण आपण गटात कर्ज मागतो. बैठकीत शेळीसाठी कर्ज मागणारी ताई काय सांगते? कशासाठी हवंय, किती हवंय, आपल्याजवळचे किती घालणार, आणि पुढं काय करणार. ती कुणाच्या पाया पडत नाही. बायका दोन-चार प्रश्न विचारतात, ती उत्तरं देते, ठराव होतो. पैसे मागताना तिची मान खाली जात नाही, कारण तिचा हिशेब स्पष्ट असतो.

शिष्यवृत्तीच्या पत्रात मात्र आपली मुलं एकदम वेगळ्याच भाषेत लिहायला लागतात. एक नमुना बघा :

‘महोदय, आम्ही अत्यंत गरीब व हलाखीच्या परिस्थितीत जीवन जगत आहोत. माझे आईवडील काबाडकष्ट करून पोट भरतात. मला शिक्षणाची खूप आवड आहे. आपण मदत केली नाही तर माझे शिक्षण बंद पडेल. आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मला शिकून मोठे होऊन समाजाची सेवा करायची आहे.’

यात खोटं काही नाही. पण समितीवर बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. त्याच्यापुढं अर्जांचा ढीग असतो आणि त्यातली बरीच पत्रं अशीच असतात, कधी तर एकाच सेवा केंद्रातून शब्दन् शब्द सारखी टाइप होऊन आलेली. ‘अत्यंत गरीब’ म्हणजे किती? कुठल्या कोर्सला किती लागतात? घरचे किती घालणार? वीस हजार दिले तर भागेल की साठ लागतील? एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. वाचणाऱ्याला दया येईल, पण निर्णय घेता येणार नाही. शिवाय मुलगी स्वतः कोण आहे, काय करू शकते, हे कुठं दिसलंच नाही.

कागद घेऊन आधी हिशेब

म्हणून पत्र लिहायच्या आधी मुलीनं आणि आईनं एक वही घेऊन बसायचं. उदाहरण घेऊ. समजा एक घर आहे : आई, वडील, बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेली मुलगी आणि नववीतला मुलगा. दोन एकर कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. वडील मजुरीला जातात, आई शिवणकाम करते. कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी आहे.

पहिल्या पानावर वर्षाचा खर्च. वसतिगृह १२,००० रुपये. मेस महिन्याला २,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे २५,०००. कॉलेजची इतर फी, जी सवलतीत बसत नाही, ती ७,२००. गणवेश, बूट आणि प्रात्यक्षिकाचं साहित्य ५,५००. पुस्तकं, वह्या, झेरॉक्स ६,०००. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यानं वर्षात दहा वेळा घरी ये-जा करायला १,८०० पुरतात. बेरीज झाली ५७,५०० रुपये. हे आकडे अंदाजानं घालायचे नाहीत. फी कॉलेजच्या पत्रकावरून घ्यायची आणि मेसचा दर वसतिगृहात विचारून घ्यायचा.

दुसऱ्या पानावर घरचं उत्पन्न. इथं एक चूक फार वेळा होते. कापूस विकून एक लाख आले, तर कुणी एक लाखच लिहितं आणि कुणी ‘शेतीत काही उरत नाही’ म्हणून शून्य लिहितं. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, भाडं वजा जाऊन हातात राहिलं ते उत्पन्न. आपल्या उदाहरणात शेतीतून ३८,०००, वडिलांची मजुरी ३०,००० आणि आईचं शिवणकाम महिन्याला २,००० म्हणजे २४,०००. एकूण ९२,०००. गटाचं किंवा बँकेचं कर्ज हे उत्पन्न नाही, ते यात धरायचं नाही.

आता तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून समोर ठेवायचा. त्यावरचा आकडा आणि पत्रातला आकडा एकच असला पाहिजे. दाखल्यावर ९२,००० आणि पत्रात ‘कसेबसे चाळीस हजार’ असं असेल, तर वाचणारा दोन्हीवर शंका घेतो. परिस्थिती जास्त वाईट दाखवायला म्हणून कमी केलेला आकडा हमखास आपल्याच अंगावर येतो. दाखला काढल्यानंतर खरंच काही बदललं असेल, म्हणजे अतिवृष्टीत पीक गेलं किंवा मजुरी बंद झाली, तर दाखल्याचा आकडा तसाच लिहून पुढच्या वाक्यात बदल सांगायचा.

तिसऱ्या पानावर घरचा वाटा. आई-वडील महिन्याला १,२०० देणार, दहा महिन्यांचे १२,०००. प्रवेशाच्या वेळच्या खर्चासाठी आईनं गटातून १०,००० रुपये कर्ज घेतलं, त्याचा महिन्याला ५०० रुपये मुद्दलाचा हप्ता आणि व्याज ती शिवणकामातून भरते. बारावीच्या सुट्टीत मुलीनं आईबरोबर ब्लाउज शिवून ३,५०० साठवले. सगळे मिळून २५,५००.

खर्च ५७,५००, घरचा वाटा २५,५००. उरले ३२,०००. मागायचे ते हे ३२,०००, ना पन्नास हजार, ना ‘जमेल तेवढे’.

पत्राचा सगळा सन्मान या तिसऱ्या पानात आहे, बरं का. ज्या घरानं आपला वाटा आधी टाकला, ते घर उरलेल्या रकमेबद्दल ताठ मानेनं बोलू शकतं. आणि हे पान आईशिवाय भरता येत नाही. शेतीत किती उरलं, हप्ता किती, किराण्याची उधारी किती, हे मुलीला नेमकं माहीत नसतं. आईला लिहिता-वाचता येत नसलं तरी हिशेब तोंडपाठ असतो.

काय सांगायचं, काय घरात ठेवायचं

घरात अनेक गोष्टी असतात. वडिलांची दारू, आजारपण, भांडणं, सोडून गेलेला माणूस. हे सगळं लिहिलं तर जास्त मदत मिळेल असं मुलांना वाटतं. त्यासाठी एक साधी कसोटी लावू या : या गोष्टीचा पैशावर किंवा अभ्यासावर परिणाम झाला असेल, तर जेवढा परिणाम तेवढंच सांगायचं. वडील घर सोडून गेले असतील तर ‘वडील आमच्यासोबत राहत नाहीत, घरखर्चात त्यांचा वाटा नाही’ हे एक वाक्य पुरे. का गेले, काय झालं, हे विचारायचा समितीला अधिकार नाही आणि सांगायची आपल्याला गरज नाही. पण ते हयात असताना ‘वारले’ असं मात्र लिहू नये. दाखल्यांतून, फोनवर किंवा गृहभेटीत ते उघड होतंच.

घरातल्या दुसऱ्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याला विचारून लिहायचं. आपल्या उदाहरणातल्या मुलीला दहावीत ८१ टक्के आणि बारावीत ६६ टक्के आहेत. गुण का घसरले हे वाचणाऱ्याच्या मनात येणारच, म्हणून ते आपणच सांगितलेलं बरं. त्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं होतं. मुलीनं आईला विचारलं आणि पत्रात फक्त ‘आईचे ऑपरेशन झाले’ असं लिहिलं. कसलं ऑपरेशन, हे आईचं खासगी आहे.

‘घरात शिकणारी मी पहिली’ हे वाक्यही नुसतं लिहून उपयोग नाही. त्याचा अर्थ उघडून दाखवावा लागतो. पहिली म्हणजे फॉर्म कसा भरायचा हे विचारायला घरात कुणी नाही, इंग्रजी पुस्तक समजावून द्यायला कुणी नाही. मग तिनं काय केलं? तेच लिहायचं.

ध्येय म्हणजे पुढची पायरी

‘समाजसेवा करायची आहे’ यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ध्येय पायऱ्यांनी सांगायचं : या वर्षी काय, कोर्स संपल्यावर काय, त्यानंतर काय. नर्सिंगचा हा कोर्स चार वर्षांचा. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. गावपातळीवरच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्या पदावर नर्सिंगची पदवी घेतलेल्याही काम करतात. मुलीला हे माहीत असेल तर तिनं कोर्सची चौकशी केली आहे हे आपोआप दिसतं. जे अवघड जाणार आहे तेही लिहावं, आणि त्यावर ती काय करते आहे तेही.

आता हे सगळं एकत्र करून तिचं पत्र कसं झालं ते वाचा.

*प्रति, शिष्यवृत्ती समिती.*

*विषय : बी.एस्सी. नर्सिंग प्रथम वर्षासाठी ३२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळण्याबाबत.*

*महोदय / महोदया,*

*मी जिल्ह्याच्या ठिकाणी बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रथम वर्षाला शिकते. माझा प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला आहे. आमच्या घरात कॉलेजमध्ये जाणारी मी पहिली आहे. आई सातवीपर्यंत आणि वडील चौथीपर्यंत शिकले आहेत. प्रवेश प्रक्रियेची माहिती मी स्वतः माहितीपत्रक वाचून आणि शाळेतल्या बाईंना विचारून मिळवली, आणि माझा अर्ज मीच भरला.*

*आमची दोन एकर कोरडवाहू शेती आहे. वडील मजुरी करतात, आई शिवणकाम करते. तहसीलदारांच्या दाखल्यानुसार आमचे वार्षिक उत्पन्न ९२,००० रुपये आहे. माझा भाऊ नववीत शिकतो.*

*शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची मला शासनाची सवलत आहे. वसतिगृह, मेस, इतर फी, गणवेश, पुस्तके आणि प्रवास यांचा या वर्षीचा खर्च ५७,५०० रुपये आहे. त्याचा तपशील सोबत जोडला आहे. त्यापैकी १२,००० रुपये आई-वडील देणार आहेत. १०,००० रुपये आईने बचत गटातून कर्ज घेतले असून त्याचे हप्ते ती भरत आहे. ३,५०० रुपये मी सुट्टीत शिवणकाम करून साठवले. उरलेल्या ३२,००० रुपयांसाठी मी हा अर्ज करत आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी मी शासनाच्या आधार योजनेतही अर्ज केला आहे. त्याचा निर्णय अजून आलेला नाही. ती रक्कम मिळाल्यास मी आपल्याला कळवीन.*

*मला दहावीत ८१ टक्के आणि बारावीत ६६ टक्के गुण मिळाले. बारावीच्या नोव्हेंबरमध्ये आईचे ऑपरेशन झाले. दोन महिने घरचे काम आणि कापूस वेचणी माझ्याकडे होती. भौतिकशास्त्रात मी मागे पडले. जीवशास्त्रात मला ७८ गुण आहेत.*

*सुट्टीत मी गावातल्या आशाताईंना रजिस्टर लिहायला मदत करत होते. तिथे गरोदर बायकांच्या नोंदी लिहिताना मला दिसले की काहीजणींचा रक्तदाब वेळेवर तपासला जात नाही, कारण तपासणीला जायचे म्हणजे मजुरी बुडते. मला नर्स होऊन गावपातळीवर काम करायचे आहे ते यासाठी. पदवी आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्यावर दोन वर्षे प्रसूती विभागात काम शिकायचे आणि नंतर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करायचे, असे मी ठरवले आहे.*

*माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इथले विषय इंग्रजीत आहेत. रोजच्या तासातले नवे शब्द मी वहीत मराठी अर्थासह लिहिते आणि आठवड्याने पुन्हा वाचते. या वर्षी सर्व विषयांत पहिल्या प्रयत्नात पास होणे हे माझे पहिले उद्दिष्ट आहे. प्रत्येक परीक्षेचे गुणपत्रक मी आपल्याला पाठवीन.*

*माझा अर्ज वाचल्याबद्दल आभारी आहे.*

*आपली विश्वासू,*

बघा, यात ‘गरीब’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तरी परिस्थिती काय आहे ते कुणालाही कळेल. ‘उपकार’ नाही, पण आभार आहेत. आणि पत्र एका पानात बसतं.

पाठवण्याआधी

पत्र मुलीनं मोठ्यानं वाचायचं आणि आईनं ऐकायचं. ऐकताना आईला एखाद्या वाक्याची लाज वाटली किंवा ‘असं नाहीये गं’ असं म्हणावंसं वाटलं, तर ते वाक्य बदलायचं. मग सगळे आकडे वहीशी आणि दाखल्याशी एकदा ताडून बघायचे. बेरीज चुकली तर चांगलं पत्रही पडतं. नाव गुणपत्रकावर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर सारखंच आहे ना, तेही बघायचं.

कागद मागितलेत तेवढेच जोडायचे : बहुतेक ठिकाणी उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रकं, कॉलेजचं बोनाफाईड, फीची पावती आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. गटाच्या कर्जाचा उल्लेख केला असेल तर गटाच्या पासबुकाची प्रत तयार ठेवावी, विचारलं तर दाखवता येते. पत्राची एक झेरॉक्स घरी ठेवायचीच, कारण मुलाखतीला बोलावतात तेव्हा पत्रातलंच विचारतात. मेसला किती लागतात, हप्ता किती आहे, हे मुलीला न बघता सांगता आलं पाहिजे. दुसऱ्यानं लिहून दिलेलं पत्र तिथंच उघडं पडतं. सेवा केंद्रात टाइप करून घ्यायला हरकत नाही, पण मजकूर मुलीचा असावा.

‘पैसे द्या, शिष्यवृत्ती मंजूर करून देतो’ असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला पैसे, आधारची प्रत किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी काहीही देऊ नये.

शिष्यवृत्ती मिळाली तर ती बहुतेक ठिकाणी एका वर्षाची असते आणि पुढच्या वर्षी गुणपत्रक बघून चालू ठेवतात. म्हणून हिशेबाची ती वही फेकायची नाही. मेसच्या आणि पुस्तकांच्या पावत्या तिच्यातच चिकटवून ठेवायच्या. पुढच्या वर्षीच्या पत्रात पहिला परिच्छेद असा असेल : गेल्या वर्षी ३२,००० मिळाले, ते असे खर्च झाले, गुण असे मिळाले, या वर्षी एवढी तूट आहे. नाही मिळाली, तर त्याच वहीवरून दुसऱ्या ट्रस्टचं पत्र लिहिता येतं. आकडे तेच राहतात. फक्त त्यांनी विचारलेलं नीट वाचून मजकूर तेवढा बदलायचा.

यंदा ज्यांच्या घरी बारावीचा किंवा डिप्लोमाचा निकाल आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला येताना कॉलेजचं फीपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला सोबत आणावा. कर्जाचे ठराव झाले की तिथंच ती तीन पानं भरता येतील.